गाडी साडेचारची, सुरुवात आदल्या दुपारची

पहाटे साडेचारला बेकरीच्या दारातून पहिली गाडी निघते. सहाच्या सुमारास वाण्याचे शटर अर्धे वर जाते, तेव्हा ब्रेडचे क्रेट पायरीवर टेकलेले असावे लागतात, कारण त्यानंतर अर्ध्या तासात डब्याच्या घाईतली गिऱ्हाइके यायला लागतात. सात वाजता पोचलेल्या ब्रेडला त्या दुकानात जागाच उरत नाही. तोवर फळीवर दुसऱ्या बेकरीचा माल लागलेला असतो. म्हणून या धंद्यात साडेचार ही वेळ हलत नाही. तिथून मागे मागे मोजत गेले की रात्रीचे वेळापत्रक तयार होते. मोजणी जिथे थांबते ती वेळ मात्र बेकरीबाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही: आदल्या दिवशी दुपारी चारच्याही आधी.

हे गणित समजून घ्यायला पुण्यासारख्या शहराच्या कडेची एक मध्यम बेकरी डोळ्यांसमोर आणू. रोज रात्री चारशे ग्रॅमचे १,४४० ब्रेड, कापून पिशवीत भरलेले, शिवाय लादीपाव. सामग्री म्हणजे एक मोठा मिक्सर, ट्रॉली आत फिरते अशा दोन भट्ट्या, पीठ फुगवायची वाफेची खोली, ब्रेड कापायचे एक यंत्र आणि तीन गाड्या. एका ट्रॉलीवर १२० ब्रेडचे साचे बसतात. दोन भट्ट्या मिळून एका वेळी २४० ब्रेड निघतात, त्याला एक घाणा म्हणू. म्हणजे रात्रीचे सहा घाणे.

आता शेवटच्या, सहाव्या घाण्यापासून उलटे मोजू. गाडी साडेचारला निघायची तर चारला माल भरायला घ्यायला हवा. २४० ब्रेड कापून पिशव्यांत भरायला अर्धा तास लागतो, म्हणजे साडेतीनला कापणी सुरू. पण भट्टीतून निघालेला ब्रेड लगेच कापता येत नाही. त्याचे पोट ९५ अंशांच्या आसपास तापलेले असते. ते ३५ ते ३८ अंशांपर्यंत उतरायला पंख्याखालीसुद्धा दोनएक तास जातात. म्हणून ब्रेड दीडला भट्टीबाहेर, आणि अर्धा तास भाजायचा म्हणून एकला आत. त्याआधी साच्यात भरलेले पीठ वाफेच्या खोलीत तासभर फुगते, म्हणजे बरोबर बाराला खोलीत. पीठ तोलून, गोळे करून, थोडे विसावू देऊन, वळून साच्यात घालायला अर्धा तास, म्हणजे साडेअकरा. आणि त्याआधी पंधरा मिनिटे मळणे, वीस मिनिटे विश्रांती. झाले दहा पंचावन्न.

इथेही मोजणी संपत नाही, कारण चांगल्या ब्रेडचे पीठ दोनदा मळतात. आधी एकूण मैद्यापैकी सुमारे सत्तर टक्के मैदा पाणी आणि यीस्ट घालून मळतात आणि चार तास आंबू देतात. याला बेकरीत स्पंज म्हणतात. तो तयार झाला की उरलेला मैदा, मीठ, साखर, वनस्पती तूप घालून पुन्हा मळायचे. ते झाले खरे पीठ, म्हणजे डो. ब्रेडची चव, त्याचा मऊपणा आणि दुसऱ्या दिवशीही टिकणारा ओलावा यांचा पाया त्या चार तासांत घातला जातो. म्हणून दहा पंचावन्नमधून चार तास आणि स्पंज मळायची दहा मिनिटे वजा केली की येतात संध्याकाळचे पावणेसात.

ही झाली शेवटच्या घाण्याची सुरुवात. पहिल्या घाण्याची त्याहून बरीच आधी होते. भट्टीत ब्रेड अर्धा तास असतो आणि ट्रॉली बाहेर काढून दुसरी आत ढकलून भट्टी पुन्हा तापायला पाच मिनिटे जातात. म्हणजे पस्तीस मिनिटांना एक घाणा, त्याहून वेगाने काही केल्या नाही. सहावा घाणा एकला आत जायचा, तर पहिला रात्री दहा पाचला गेला पाहिजे. त्याच हिशेबाने पहिला स्पंज दुपारी तीन पन्नासला मिक्सरमध्ये पडतो, आणि मग दर पस्तीस मिनिटांनी एकेक.

सहाही स्पंज एकदम मळून मोकळे का होत नाहीत, असे कोणालाही वाटेल. मिक्सरला ते जमलेही असते. पण जे एकदम मळले ते एकदम तयार होते, आणि तयार झालेले पीठ भट्टी रिकामी होण्याची वाट बघत बसत नाही. मैद्याच्या पोत्याला, साखरेला, साच्यांना थांबवता येते. यीस्ट पडल्यानंतर पिठाला नाही. भट्टी हा या साऱ्या साखळीतला सगळ्यात अरुंद दुवा आहे, म्हणून तिच्या चालीनेच मिक्सरला चालावे लागते, जरी दोघांमध्ये सहा तासांचे अंतर असले तरी.

माणसांच्या वेळाही इथूनच ठरतात. कारखान्यात भोंगा होतो आणि सगळे एकदम आत येतात, तसे बेकरीत करून भागत नाही. मळणारा मिस्त्री साडेतीनला येतो, कारण त्याला मैदा तोलायचा असतो, बर्फ फोडायचा असतो. पहिला डो आठ पस्तीसला टेबलावर येतो, म्हणून गोळे करणारी मंडळी सव्वाआठला. भट्टीवाला नऊला, भट्टी तापवायला. पहिला घाणा दहा पस्तीसला बाहेर पडून बारा पस्तीसपर्यंत गार होतो, म्हणून कापणारे आणि भरणारे मध्यरात्री साडेबाराला. गाडीवाले पावणेचारला. कोणी निघत असताना कोणी येत असते. या सगळ्यांना सोयीचे म्हणून दहालाच बोलावले, तर कापणाऱ्यांचे अडीच तास रिकामे जातात आणि पहाटे नेमक्या वेळी ते दमलेले असतात. दमलेला माणूस ब्रेड कापायच्या पात्यांजवळ असणे किती धोक्याचे, हे ज्याने ते यंत्र चालताना पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. साडेतीनला आलेला मिस्त्री साडेचारच्या गाडीपर्यंत थांबू शकत नाही, थांबवूही नये. तो रात्री मध्येच घरी जातो आणि त्याने लावलेले पीठ दुसऱ्याच्या हाती येते. ज्याने सुरुवात केली त्याला शेवट दिसत नाही, आणि ज्याला शेवट दिसतो त्याला सुरुवात कशी झाली हे माहीत नसते. म्हणून मिक्सरशेजारच्या भिंतीवर फळा असतो. प्रत्येक घाण्यासमोर चार गोष्टी लिहायच्या: मळून बाहेर काढल्याची वेळ, मैद्याचे तापमान, पाण्याचे तापमान, मळलेल्या पिठाचे तापमान. मी पाहिलेल्या बेकऱ्यांपैकी ज्यांचा माल वेळेवर निघतो त्यांच्याकडे हा फळा खडूने भरलेला असतो. ज्यांच्याकडे तो कोरा असतो तिथे पहाटे भांडणे असतात.

फळ्यावर तीनदा तापमानच का? कारण वेळापत्रकात लिहिलेले चार तास हे घड्याळाचे चार तास नाहीत. ते ठरावीक तापमानाच्या स्पंजचे चार तास आहेत. मे महिन्यात इडलीचे पीठ रात्रभर बाहेर राहिले तर सकाळी आंबट होते आणि डिसेंबरात तेच फुगतसुद्धा नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. बेकरीत ढोबळ हिशेब असा धरतात की पीठ एक अंशाने गरम निघाले तर आंबण्याचा वेग सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. स्पंज २५ अंशांवर निघायला हवा होता आणि २९ वर निघाला, तर चार तासांचे काम तीन तासांच्या आतच उरकते. भट्टी मात्र तिच्याच वेळेला रिकामी होणार.

त्यामुळे वेळ सांभाळायची म्हणजे तापमान सांभाळायचे, आणि मिस्त्रीच्या हातात ते बदलायला एकच गोष्ट असते: पाणी. मैदा गोदामात जसा तापलेला असेल तसा येतो, हवा जशी असेल तशी असते, मळताना घर्षणाने पीठ किती तापणार हे मिक्सरवर अवलंबून. हिशेब सोपा आहे. हवे असलेले तापमान तिप्पट करायचे आणि त्यातून या तिन्हींची बेरीज वजा करायची. उरेल ते पाण्याचे तापमान. डिसेंबरात दुपारी मैदा २२, हवा २२ आणि घर्षणाचे ६ धरले तर ७५ वजा ५०, म्हणजे २५ अंशांचे पाणी. नळाचे पाणी जवळपास तसेच चालून जाते. मे महिन्यात मैदा ३४, हवा ३५, घर्षणाचे तेच ६, बेरीज ७५. पंचाहत्तरातून पंचाहत्तर गेले की उरते शून्य. म्हणजे पाणी शून्य अंशाचे पाहिजे.

तेवढे गार पाणी नळाला येत नाही, म्हणून बर्फ. बर्फ वितळताना जी उष्णता ओढून घेतो तिच्यावर सगळी भिस्त असते. आपल्या बेकरीत एका स्पंजला सुमारे ४५ किलो मैदा आणि २७ लिटर पाणी लागते. नळाचे पाणी ३० अंशांचे असेल तर या २७ लिटरपैकी जवळजवळ साडेसात किलो बर्फ म्हणून घालावे लागते आणि उरलेले साडेएकोणीस लिटर पाणी म्हणून. बर्फ पाण्यातच धरायचा असतो, वरून जास्तीचा नाही. नाहीतर पीठ सैल होते. आणि तो बारीक फोडलेला हवा. स्पंज जेमतेम दहा मिनिटे मळला जातो; तेवढ्यात लिंबाएवढे खडे विरघळत नाहीत आणि पिठात कुठे गार, कुठे गरम असे पट्टे राहतात. घर्षणाचा तो सहाचा आकडा पुस्तकातून घेता येत नाही. प्रत्येक बेकरीला आपल्या मिक्सरवर एक घाणा मळून, बाहेर आलेल्या पिठात थर्मामीटर खुपसून, उलटे गणित करून तो काढावा लागतो, आणि घाण्याचे वजन बदलले की पुन्हा.

दुपारी चारला, ऐन उन्हात, बर्फाची गाडी उशिरा आली की अनुभवी मिस्त्रीच्या कपाळावर आठी पडते ती यासाठीच. पहाटेच्या उशिराची पहिली खूण तिथे असते, बारा तास आधी.

दुसरी खूण स्पंजच स्वतः देतो. मोठ्या पातेल्यात किंवा टबात ठेवलेला स्पंज हळूहळू वर चढतो, घुमटासारखा फुगतो, आणि मग एका क्षणी मध्यभागी सुरकुतून खाली बसायला लागतो. हे बिघडणे नव्हे. ते व्हायलाच हवे. चार तासांच्या स्पंजला हा क्षण साधारण अडीच ते पावणेतीन तासांनी येतो, एकूण वेळेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. ज्याला हे माहीत आहे तो मिस्त्री चार तास होण्याची वाट बघत नाही. पहिला स्पंज पावणेदोन तासांतच बसायला लागला, तर त्याला पावणेसहालाच कळते की आजची रात्र घाईची आहे. तेव्हा अजून दोन स्पंज मळायचे बाकी असतात. तो त्यांच्यात बर्फ वाढवतो, यीस्ट थोडे कमी करतो, आणि पहिले स्पंज वेळेआधी उचलून दुसऱ्यांदा मळताना गार पाणी वापरून त्यांना हळू करतो. हे सगळे संध्याकाळी करता येते. रात्री अकराला कळले तर यातले काहीही हाती उरत नाही.

जास्त आंबलेला स्पंज ओळखणे अवघड नाही. वास फळासारखा गोडसर न राहता दारूसारखा, नाकात चढणारा होतो. बोटांनी ओढले तर तंतू ताणले न जाता तुटतात. त्याचा ब्रेड भट्टीत फिकाच राहतो, कारण रंग आणणारी साखर यीस्टने आधीच खाल्लेली असते. म्हणून भट्टीवाला त्याला आणखी पाच मिनिटे आत ठेवतो, तो कोरडा पडतो आणि पस्तीस मिनिटांची चाल मोडते. एका घाण्याचा हा आजार असा पुढच्या सगळ्यांना लागतो.

वाफेच्या खोलीत मात्र बोटच खरे. ३८ ते ४० अंशांच्या दमट हवेत साच्यातले पीठ फुगत असते आणि भट्टीवाला ओल्या बोटाने कडेला हलकेच दाबून पाहतो. खड्डा चटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धाच भरला तर ट्रॉली आत घ्यायची. तसाच राहिला तर उशीर झाला आहे आणि आता धक्का न लावता आत न्यायची. अशा ट्रॉलीचे चाक उंबऱ्यावर आपटले तरी ब्रेड मधोमध बसतात.

आता एक वाईट रात्र घेऊ. अकरा वीसला एका भट्टीचा बर्नर बंद पडला. दुरुस्तीला चाळीस मिनिटे लागणार. आत पाच मिनिटांपूर्वी गेलेला तिसऱ्या घाण्याचा अर्धा माल आहे. चौथा घाणा अर्धा तास वाफेच्या खोलीत फुगतो आहे. पाचवा टेबलावर साच्यात भरला जातो आहे. सहावा नुकताच मळून विश्रांतीला ठेवला आहे. आणि पावाचे पीठही लागलेले आहे.

पहिला नियम, बंद भट्टीचे दार उघडायचे नाही. आतल्या मालाला आहे तीच ऊब पुरवायची. दुसऱ्या भट्टीला तिच्या चालीने चालू द्यायचे. चौथ्या घाण्याची ज्या भट्टीत जायची ती ट्रॉली बंद पडली आहे, तेवढी एक ट्रॉली वाफेतून काढून गारव्यात न्यायची. पाचव्या घाण्याचे अर्धे साचे थेट शीतखोलीत, चार अंशांच्या आसपास. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते आणि घाबरलेली माणसे नेमकी तीच विसरतात: थंडी लहान गोळ्यावर काम करते, मोठ्या ढिगावर नाही. साडेचारशे ग्रॅमचा गोळा साच्यात असला की अर्ध्या तासात बराच मंदावतो. पण सहाव्या घाण्याचा एकशेदहा किलोचा डो टबासकट शीतखोलीत ढकलला, तर वरची साल तेवढी गार होते आणि पोटात आंबणे तसेच चालू राहते. म्हणून त्याला शीतखोलीत न नेता एकदा जोर लावून दाबून हवा काढायची, तोलायला घ्यायचा, आणि गोळे झाल्यावर गारव्याला लावायचे.

हे सगळे नीट जमले तरी चाळीस मिनिटे गेली ती गेली. शेवटचा ब्रेड दीडऐवजी दोन दहाला भट्टीबाहेर येईल, चार दहाला गार होईल, चार चाळीसला पिशवीत जाईल. गाडी साडेचारला निघायची आहे. या वेळी सगळ्यात मोठा मोह एकच असतो, गार व्हायच्या दोन तासांतून अर्धा तास चोरायचा. तो टाळायलाच हवा, असे मला फार कळकळीने वाटते, कारण त्याची किंमत बेकरीला नव्हे, घरात ब्रेड नेणाऱ्याला मोजावी लागते. ४५ अंशांचा ब्रेड पात्याखाली चिकटतो, चेपतो. त्याहून वाईट म्हणजे पिशवी बंद झाल्यावर आतली वाफ प्लॅस्टिकला लागून थेंब होते. बुरशीला एवढेच हवे असते. पिशवीवर तारीख पुढची असते आणि आत हिरवे ठिपके दिसायला लागतात.

योग्य मार्ग गाड्यांच्या क्रमात असतो. तीन गाड्यांपैकी लांबच्या लाइनची गाडी साडेचारला निघते, मधली पावणेपाचला, शहरातली सव्वापाचला. लांबच्या आणि मधल्या गाडीला पहिल्या चार घाण्यांतला माल द्यायचा आणि उशिरा आलेला शेवटचा ब्रेड जवळच्या गाडीत. सव्वापाचला तो आरामात चढतो. या साखळीत सैल जागा असलीच तर ती इथे आहे, पिठात नाही. म्हणून गाड्यांच्या वेळा एकाच ठोक्याला ठेवणारी बेकरी स्वतःच्या हाताने आपली एकमेव सवड घालवून बसते.

पावाचे वेळापत्रक या सगळ्याच्या पोटात बसवलेले असते. लादीपाव एकदाच मळतात, स्पंज नाही. मळणे, सवा तास आंबवणे, तोलून गोळे करून पत्र्यात एकमेकांना चिकटून लावणे, तासभर फुगवणे आणि पंधरा मिनिटे भाजणे; सगळे मिळून तीन तास दहा मिनिटे. पाव कापायचा नसतो आणि पाऊण तासात गार होतो, म्हणून तो भट्टीत ब्रेडच्या नंतर जातो. शेवटचा ब्रेड दीडला निघाला की एक पस्तीसला पहिला पाव आत. त्यासाठी पावाचे पहिले पीठ दहा चाळीसला मळायला लागते. मिक्सर त्या वेळी रिकामा असतो का? पाचव्या ब्रेडचा डो दहा पस्तीसला बाहेर पडतो आणि सहाव्याचा दहा पंचावन्नला आत जातो. पावाला नेमकी मधली पंधरा मिनिटे मिळतात. मिक्सर घासायला पाच मिनिटे जास्त लागली तरी पुढे तीन तासांनी भट्टी रिकामी जळते.

जुन्या लाकडी भट्टीच्या बेकऱ्यांत याच्या जोडीला भट्टीचाही स्वभाव सांभाळावा लागतो. तिथे विटांच्या पोटातच तासन् तास लाकूड जाळतात, निखारे बाजूला सारतात आणि साठलेल्या उष्णतेवर भाजतात. ही उष्णता रात्रभर उतरत जाते, म्हणून मालाचा क्रम उतरत्या आचेचा असतो: आधी पाव आणि ब्रून, मग खारी, मग नानकटाई-बिस्किटे, आणि अगदी शेवटी उरलेल्या उबेत टोस्ट वाळवायचे. मुंबईत अशा भट्ट्यांचे दिवस आता फार उरलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेसाठी ते आवश्यकच होते. पण गॅसवर गेलेल्या बेकरीला फक्त बर्नर बदलून चालत नाही. उतरत्या आचेवर बेतलेला रात्रीचा सगळा क्रम नव्याने लावावा लागतो, आणि टोस्टसाठी आता वेगळी आच विकत घ्यावी लागते.

पिठाचा वेळच कमी करून टाकायचे प्रयत्न कधीचे चालू आहेत. इंग्लंडमधल्या चोर्लीवुड इथल्या संशोधकांनी १९६१ मध्ये अतिशय वेगाने मळून आंबवण्याचे तास जवळजवळ पुसून टाकणारी पद्धत काढली आणि ब्रिटनमधला बहुतेक ब्रेड पुढे तिच्यावरच गेला. तिला ताकदवान यंत्र, जास्त यीस्ट आणि पीठ घट्ट धरणारी द्रव्ये लागतात. आपल्याकडे पिठाला उशीर सोसायची ताकद मिळावी म्हणून अनेक बेकऱ्या पोटॅशियम ब्रोमेट वापरत होत्या. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. आता त्याजागी ॲस्कॉर्बिक आम्ल आणि विकरे वापरतात. पीठ त्यांनीही सुधारते, पण अर्ध्या तासाचा निष्काळजीपणा पोटात घालायची सवलत पूर्वीइतकी मिळत नाही. थर्मामीटर आणि फळा यांचे काम त्यामुळे वाढले आहे.

रात्रीच हे सगळे का, हा प्रश्न कामगारांनी फार पूर्वी विचारला होता. फ्रान्सने १९१९ मध्ये बेकऱ्यांतल्या रात्रीच्या कामावर कायद्याने बंदी आणली आणि १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खास बेकऱ्यांसाठीच रात्रपाळीविरुद्ध करार मांडला. यंत्रे आली, शीतखोल्या आल्या, तरी सकाळी ताजा ब्रेड मागणारे गिऱ्हाईक तिथेच आहे. शीतखोलीने एवढे मात्र करता येते: पावाचे गोळे संध्याकाळीच करून गारव्यात हळू आंबू द्यायचे आणि पहाटे थेट फुगवायला घ्यायचे. त्याने टेबलावरची मंडळी मध्यरात्रीआधी घरी जाऊ शकतात. शीतखोलीचा आणि विजेचा खर्च काढू शकणाऱ्या बेकऱ्यांनी तरी हे करावे.

सकाळी नऊ-दहाला गाड्या परततात. क्रेट मोजले जातात, परत आलेला माल वेगळा काढतात, आणि प्रत्येक लाइनवरचा विक्रेता उद्याची मागणी सांगतो. ही मागणी दोनपर्यंत पक्की व्हावी लागते, कारण साडेतीनला मिस्त्री मैदा तोलायला उभा असतो. सणासुदीला, सलग सुट्टीला किंवा गल्लीत लग्न निघाले की संध्याकाळी सातला दुकानदाराचा फोन येतो, उद्या पन्नास ब्रेड जास्त टाका म्हणून. तोवर सहावा स्पंज लागून गेलेला असतो आणि त्याला नाहीच म्हणावे लागते. फार तर दुसऱ्या लाइनचे थोडे वळवता येतात. पण त्याने लादीपाव मागितला तर रात्री दहापर्यंत हो म्हणता येते. त्याचे पीठ अजून मळायचे असते.